नफा चाळीस, हातात वीस

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकरणीला विचारा, धान विकल्यावर ती आधी काय पाहते? पट्टी! किती कट्टे गेले, काट्यावर किती भरले, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी हातात किती. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा पट्टीवरचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. "हे पाच रुपये कायचे कापले जी?" असं ती भर बाजारात विचारते, आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

पण त्याच घरातली शिकलेली सून मोबाईलवर शेअर विकते तेव्हा पट्टी मागत नाही. स्क्रीनवर हिरव्या रंगात नफ्याचा आकडा दिसला की तिचं समाधान होतं. मैत्रिणींनो, आज मला बोलायचं आहे ते या न मागितलेल्या पट्टीबद्दल. शेअर घ्यावेत की घेऊ नयेत, कोणते घ्यावेत, हा माझा विषय नाही, तेवढा माझा अभ्यासही नाही. पण बचत गटांचे हिशेब पाहता पाहता गेल्या काही वर्षांत बायकांच्या नावावरची डिमॅट खाती माझ्यासमोर येऊ लागली आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खातं बाईच्या नावावर, पैसा तिच्या शिवणकामाचा किंवा भिशीचा, आणि त्यातून काय कापलं जातं ते तिला ठाऊकच नाही.

आधी डिमॅट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पूर्वी शेअर म्हणजे कागद असायचा. तो पोस्टाने यायचा, हरवायचा, फाटायचा, सही जुळली नाही म्हणून परत यायचा, खोटाही निघायचा. 1996 साली डिपॉझिटरी कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत एनएसडीएल ही संस्था सुरू झाली. 1999 साली तिच्या जोडीला सीडीएसएल आली. आपल्या देशातले सगळे कागदविरहित शेअर या दोन संस्थांच्या नोंदवहीत असतात. सोन्याचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, तसे शेअर या डिपॉझिटरीत ठेवलेले असतात. फरक एवढाच की इथे वस्तू नाही, नोंद असते.

आता या डिपॉझिटरीच्या दारात आपण थेट जात नाही. मधे एक जण असतो, त्याला डिपॉझिटरी पार्टिसिपंट किंवा थोडक्यात डीपी म्हणतात. बहुतेक वेळा आपला ब्रोकरच डीपी असतो. म्हणजे एकच कंपनी दोन टोप्या घालते. बाजारात आपल्यासाठी सौदा करते तेव्हा ती ब्रोकर, आणि आपलं डिमॅट खातं सांभाळते तेव्हा ती डीपी. या दोन टोप्या लक्षात ठेवा, कारण पुढे जो खर्च गुपचूप कापला जातो तो या दुसऱ्या टोपीखालून जातो.

आता सौद्याचं पाहू. मोबाईलवर 'खरेदी' दाबलं, ऑर्डर झाली असा निरोप आला, म्हणजे शेअर आपले झाले असं आपल्याला वाटतं. पण शेतीचं उदाहरण घ्या. शेतीचं विक्रीपत्र झालं म्हणजे लगेच सातबाऱ्यावर नाव चढत नाही, फेरफार व्हावा लागतो. शेअरचंही तसंच. सोमवारी जो होतो तो सौदा. फेरफार, म्हणजे पैशांची आणि शेअरची खरी देवाणघेवाण, ती मंगळवारी होते. आपले पैसे ब्रोकरमार्फत क्लिअरिंग कॉर्पोरेशन नावाच्या संस्थेकडे जातात, विकणाऱ्याचे शेअरही तिच्याकडे जातात, आणि मग ती इकडचं तिकडे करते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत शेअर आपल्या डिमॅट खात्यात दिसतात. शुक्रवारी घेतले तर सोमवारी, कारण शनिवार-रविवार मोजत नाहीत. सुटी आली तर आणखी एक दिवस. विकल्यावरचे पैसेही तसेच दुसऱ्या कामाच्या दिवशी मोकळे होतात. म्हणून मुलाची फी बुधवारी भरायची असेल तर शेअर बुधवारी सकाळी विकून भागत नाही. आधी विकावे लागतात, आणि पैसे बँकेच्या खात्यात यायलाही वेळ धरावा लागतो.

हा एक दिवसाचा नियम सगळ्या शेअरना लागू झाला तो 27 जानेवारी 2023 पासून. त्याआधी 2003 पासून दोन दिवस लागायचे, आणि त्याच्याही आधी आणखी जास्त. 2024 पासून काही निवडक शेअरमध्ये त्याच दिवशी व्यवहार पुरा करण्याची सोयही आली आहे, पण ती ऐच्छिक आहे. आपण साधारण एक दिवस धरून चालावं.

या एका दिवसाचा एक परिणाम बायकांनी मला अनेकदा विचारला आहे. कंपनीने लाभांश जाहीर केला, त्याची तारीख पेपरात आली, आणि हिने त्याच तारखेला शेअर घेतले. लाभांश आला नाही! येणारच नाही, कारण कंपनी त्या दिवशी कोणाच्या डिमॅट खात्यात शेअर आहेत ते पाहते, आणि हिचे शेअर तर दुसऱ्या दिवशी खात्यात येणार. त्या तारखेच्या निदान एक कामाचा दिवस आधी शेअर घेतलेले असावे लागतात. इथे कोणी फसवलेलं नसतं, फेरफार व्हायचा बाकी असतो इतकंच.

कधी कधी दुसऱ्या दिवशीही शेअर येत नाहीत. विकणाऱ्याने माल विकला पण दिलाच नाही असं होतं. अशा वेळी क्लिअरिंग कॉर्पोरेशन लिलावातून शेअर मिळवून देते, त्यात आणखी एखादा दिवस जातो. लिलावातही मिळाले नाहीत तर ठरलेल्या नियमाने पैसे मिळतात. तेव्हा शेअर एक दिवस उशिरा आले म्हणून घाबरून जाऊ नका. पण आठवडा झाला तरी आले नाहीत, तर गप्पही बसू नका.

आता येऊ या पट्टीवर. आमच्या ओळखीच्या एका ताईंचं उदाहरण सांगते. आमगावकडच्या, घरी शिवणकाम करतात. त्यांच्या भाच्याने मोबाईलवर त्यांचं डिमॅट खातं उघडून दिलं. 'झिरो ब्रोकरेज', म्हणजे शेअर घेऊन ठेवायचे असतील तर दलाली शून्य, अशी जाहिरात होती. ताई थोडे थोडे शेअर घ्यायच्या, भाव वर गेला की विकायच्या. प्रत्येक सौदा वहीत लिहून ठेवायच्या. किती रुपयाला घेतले, किती रुपयाला विकले, किती सुटले. वर्षभरात 22 वेळा घेणं-विकणं झालं. एका सौद्यात सरासरी 40 रुपये सुटले, म्हणजे वहीत नफा 880 रुपये. पण ब्रोकरकडच्या खात्यात शिल्लक मात्र तेवढ्याने वाढली नव्हती. ताई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "मले तं आठशे ऐंशी दिसून राहिले, मंग बाकीचे गेले कुठं जी?"

आम्ही दोघींनी एक सौदा घेतला आणि धानाच्या पट्टीसारखा सोडवला. 200 रुपयाचा एक असे 10 शेअर, म्हणजे 2000 रुपयांची खरेदी. काही दिवसांनी 204 रुपयाने विक्री, म्हणजे 2040 रुपये. वहीत नफा 40 रुपये.

पहिली कात्री एसटीटीची, म्हणजे रोखे व्यवहार कराची. हा केंद्र सरकारचा कर ऑक्टोबर 2004 पासून आहे. शेअर डिमॅट खात्यात घेऊन ठेवायचे असतील तर घेताना हजाराला एक रुपया आणि विकताना पुन्हा हजाराला एक रुपया. म्हणजे या सौद्यात 2 रुपये आणि 2 रुपये. हा कर नफ्यावर नाही, सौद्याच्या रकमेवर आहे. तुम्ही तोट्यात विकलं तरी तो कापला जातो.

दुसरी कात्री मुद्रांक शुल्काची. जुलै 2020 पासून ते देशभर सारखं झालं. शेअर घेताना लाखाला 15 रुपये, विकताना काही नाही. इथे 30 पैसे झाले. तिसरी कात्री शेअर बाजाराच्या स्वतःच्या शुल्काची, लाखाला साधारण तीन ते पावणेचार रुपये, दोन्ही वेळा. इथे दर वेळी सहा-सात पैसे. सेबी ही बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था कोटीला 10 रुपये घेते, ते आपल्या सौद्यात पैशाच्याही आत जातं. आणि दलाली व बाजाराचं शुल्क यांवर 18 टक्के जीएसटी. दलाली शून्य असल्यामुळे इथे तोही पैसा-दोन पैसेच.

हे सगळं मिळून घेताना-विकताना कापले गेले साधारण साडेचार रुपये. ताई म्हणाल्या, "एवढ्यानं काय होते? साडेपस्तीस तर उरलेच ना." मलाही आकडा जुळेना. कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे सौद्याच्या दिवशी ब्रोकर जी पावती ई-मेलवर पाठवतो तिच्यावर, एवढंच होतं. मग आम्ही ॲपमधला खातेउतारा काढला, ज्याला लेजर म्हणतात. तिथे विक्रीच्या नोंदीजवळ एक वेगळी ओळ होती. डीपी चार्जेस, 15 रुपये 4 पैसे.

हीच ती दुसरी टोपी! आपण शेअर विकले की ते आपल्या डिमॅट खात्यातून बाहेर जातात. बाहेर जाण्याच्या प्रत्येक नोंदीला डिपॉझिटरी पैसे घेते आणि त्यावर डीपी स्वतःचे पैसे लावतो. सीडीएसएलचा दर ऑक्टोबर 2024 पासून साडेतीन रुपये आहे. खात्यावर पहिलं नाव बाईचं असेल तर त्यात 25 पैशांची सवलत आहे, म्हणजे सव्वातीन रुपये. पंचवीस पैसे म्हणून हसू नका, बाईच्या नावाला मिळालेली सवलत आहे ती! ताईंच्या डीपीचे स्वतःचे साडेनऊ रुपये, दोन्ही मिळून पावणेतेरा, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 15 रुपये 4 पैसे. प्रत्येक डीपीचा आकडा वेगळा असतो, पण रीत हीच.

कॉन्ट्रॅक्ट नोटवर हे का दिसत नाही? कारण ती नोट बाजारातल्या सौद्याची असते, ब्रोकरच्या टोपीखालची. डीपीचा खर्च सौद्याचा नसून खात्यातून शेअर बाहेर काढण्याचा आहे, म्हणून तो वेगळ्या वाटेने लेजरमध्ये येतो. नियमाने बघितलं तर लपवलेलं काहीच नाही. खातं उघडताना डझनभर पानं पुढे सरकवत आपण सह्या केल्या, त्यात हा दर लिहिलेला असतो. पण जो कागद रोज हातात येतो त्यावर तो नाही, आणि जिथे तो आहे ते पान बायका उघडत नाहीत.

आता पुरी पट्टी मांडा. साडेचार आणि पंधरा, साडेएकोणीस रुपये गेले. वहीत नफा चाळीस, हातात वीस. अशी 22 वेळा विक्री झाली, म्हणजे नुसत्या डीपीच्या खर्चात 330 रुपये गेले, आणि बाकी कर-शुल्कात शंभराच्या आसपास. वहीतल्या 880 रुपयांपैकी हातात आले साधारण 450. ताईंची वही चुकीची नव्हती. तिच्यात एक रकाना कमी होता.

यातली खरी गोम अशी की बाकीच्या कात्र्या रकमेप्रमाणे लहान-मोठ्या होतात, पण डीपीची कात्री ठरलेली आहे. 10 शेअर विका की 100, खर्च तेवढाच. हाच सौदा दहापट केला, 20,000 ला घेऊन 20,400 ला विकला, तर नफा 400, सगळी काट साधारण 60 आणि हातात 340. म्हणजे मोठ्या रकमेच्या माणसाचा सहावा हिस्साही जात नाही, आणि आमच्या ताईंचा अर्धा जातो. थोड्या पैशांनी सुरुवात करणाऱ्यालाच ही कात्री जास्त लागते, आणि गावाकडच्या बायका थोड्याच पैशांनी सुरुवात करतात.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. हा खर्च एका कंपनीच्या शेअरमागे एका दिवसाला एकदा लागतो. एकाच दिवशी एकाच कंपनीचे शेअर तीन वेळा थोडे थोडे विकले तरी सहसा एकदाच. पण तेच दहा शेअर आज चार, उद्या तीन, परवा तीन असे विकले तर तीनदा पंधरा, म्हणजे पंचेचाळीस रुपये. वरच्या उदाहरणात नफाच चाळीसचा होता, तो संपून वर पदरचे गेले! तसंच तीन कंपन्यांचे एक-एक दोन-दोन शेअर एकाच दिवशी विकले तरी तीनदा लागतो. पाचशे रुपयांचा माल विकून पंधरा रुपये देणं म्हणजे शंभराला तीन रुपये झाले. विकण्याआधी एवढा भागाकार करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

'झिरो ब्रोकरेज' नसलेल्या ठिकाणी काय होतं, तेही पाहा. अनेक ठिकाणी दर खेपेला शंभराला 50 पैसे दलाली असते. हाच 2000 चा सौदा तिथे केला तर घेताना 10 रुपये, विकताना 10 रुपये 20 पैसे, त्यावर जीएसटी 3 रुपये 64 पैसे. डीपीचा खर्च तेवढाच धरला तर एकूण काट 43 रुपयांच्या वर. म्हणजे भाव दोन टक्के चढूनही तीन रुपयांचा तोटा, आणि ॲपवर मात्र हिरवा आकडा! काही ठिकाणी दलालीची किमान रक्कम ठरलेली असते, काही ठिकाणी फोन करून ऑर्डर दिली तर त्याचे वेगळे पैसे लागतात. ज्या बायका "दादा, माझे शेअर विकून टाका" असा फोन करतात, त्यांनी हे जरूर विचारून घ्यावं.

सौदा न करताही लागणारा एक खर्च आहे, डिमॅट खात्याची वार्षिक देखभाल फी. त्यातून सुटायची वाट नियमातच आहे. तुमच्या नावावर पहिलं नाव असलेलं एकच डिमॅट खातं असेल आणि त्यातल्या शेअरची किंमत 4 लाखांच्या आत असेल, तर ते खातं 'मूलभूत सेवा डिमॅट खातं' ठरतं आणि ही फी शून्य असते. 4 ते 10 लाखांपर्यंत वर्षाला 100 रुपये. सप्टेंबर 2024 पासूनचा हा नियम आहे. तरी लेजरमध्ये देखभालीची रक्कम दिसली तर कारण विचारा. बहुतेक वेळा कारण असं निघतं की भाच्याने एक आणि पुतण्याने एक अशी दोन खाती काढून ठेवलेली असतात. दोन खाती झाली की ही सवलत गेली.

हे झालं पैशांचं. पण पट्टीत मालाचाही हिशेब असतो. शेअर घेतले, पैसे गेले, एक दिवस झाला. आता ते शेअर खरोखर माझ्याच खात्यात आहेत ना? ॲपवर दिसतात, हे त्याचं उत्तर नाही. ॲप ब्रोकरचं असतं.

हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगचं प्रकरण आठवा. मोठं नाव होतं, देशभर शाखा होत्या. ग्राहकांनी शेअर विकताना सोपं जावं म्हणून कंपनीला मुखत्यारपत्र लिहून दिलेलं होतं. त्याचा गैरवापर करून ग्राहकांचे शेअर कंपनीने आपल्या खात्यात घेतले आणि ते गहाण ठेवून कर्ज उचललं. सेबीने 22 नोव्हेंबर 2019 रोजी आदेश काढून कंपनीला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. डिसेंबरच्या सुरुवातीला एनएसडीएलने 80 हजारांहून जास्त ग्राहकांचे शेअर त्यांच्या त्यांच्या खात्यात परत वळते केले. तोपर्यंत किती घरांची झोप उडाली असेल!

त्यानंतर नियम बदलले. सरसकट मुखत्यारपत्राच्या जागी 2022 पासून मोजक्या कामांपुरतंच लेखी अधिकारपत्र आलं, आणि तेही देणं न देणं आपल्या मर्जीवर आहे. न दिल्यास विकताना दर वेळी आपल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने आपणच परवानगी देतो. आणि घेतलेले शेअर आता ब्रोकरच्या खात्यात न थांबता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डिमॅट खात्यात येतात. मधला एक थांबा कमी झाला, हे फार बरं झालं.

पण या सगळ्या बंदोबस्ताचा पाया एकच आहे. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आणि ई-मेल बाईचा स्वतःचा असला पाहिजे. शेअर खात्यातून बाहेर गेले की डिपॉझिटरीचा एसएमएस येतो. व्यवहार झाला त्या महिन्याचं एकत्रित विवरण डिपॉझिटरीकडून येतं, आणि त्यात ब्रोकरचा काही हात नसतो. ओटीपीही त्याच नंबरवर. आता हा नंबर जर भाच्याचा असेल तर परवानगीही भाचाच देतो, पावतीही त्यालाच जाते आणि सूचनाही त्यालाच मिळते. भाचा गुणाचा असेल, नाही कशाला म्हणू? पण मग खातं ताईंचं कसं? आमच्या ताईंचं तसंच होतं. ई-मेल भाच्याचा असल्यामुळे त्यांनी वर्षभरात एकही कॉन्ट्रॅक्ट नोट पाहिली नव्हती. आता नंबर आणि ई-मेल दोन्ही त्यांचे आहेत, आणि बदलून द्यायला भाच्याने जराही कुरकुर केली नाही.

मला या बाबतीत दोन गोष्टी ठामपणे म्हणायच्या आहेत. पहिली ब्रोकर मंडळींना आणि नियम करणाऱ्यांना. विक्रीचं बटण दाबण्याआधी सगळी काट एका आकड्यात, मराठीत, मोठ्या अक्षरात दिसली पाहिजे, डीपीच्या खर्चासकट. 'दलाली शून्य' एवढं जाहिरातीत मोठ्याने सांगता येतं, तर 'विकताना पंधरा रुपये' हेही त्याच आवाजात सांगायला काय हरकत आहे? धानाच्या बाजारात तोलाईचा दर व्यापारी पट्टी झाल्यावर सांगत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच बायकांना. "मला नाही बाई त्यातलं कळत" हे वाक्य आता पुरे. वरच्या हिशेबात बेरीज, वजाबाकी आणि शेकडा यांपलीकडे काय होतं? महिन्यातून एकदा दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. एक ब्रोकरचं लेजर, त्यात पैसा कुठे गेला ते दिसतं. दुसरं डिपॉझिटरीचं विवरण, त्यात शेअर कुठे आहेत ते दिसतं. खातं कोणत्या डिपॉझिटरीत आहे ते खाते क्रमांकावरूनच कळतं. 'आयएन' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक एनएसडीएलचा, आणि नुसता सोळा आकडी असेल तर सीडीएसएलचा. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी करून शेअर थेट पाहता येतात. दोन्ही कागदांतले आकडे जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर आधी ब्रोकरला लेखी विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर सेबीच्या 'स्कोर्स' या तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. त्याला पैसे पडत नाहीत.

ताईंनी आता वहीत एक रकाना वाढवला आहे. त्याला त्यांनी नाव दिलंय 'हमाली-तोलाई'. शेअर विकायच्या आधी त्या तो रकाना भरून पाहतात. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी दोनदाच विक्री केली.